कोरी चौकट म्हणजे 'ठीक' नव्हे : कुष्ठरोगाच्या जुन्या कार्डांची गोष्ट



न्यूमोनियाच्या पेशंटला तपासले, त्याचा आजचा एक्स-रे पाहिला, की आज काय करायचे ते बहुधा ठरवता येते. कुष्ठरोगात एवढ्यावर भागत नाही. डाव्या हाताची करंगळी आज कमजोर आहे हे मला दिसते, पण ती दोन महिन्यांपासून कमजोर आहे की दोन वर्षांपासून, यावर माझा उपचार ठरतो. सहा महिन्यांच्या आतला कमजोरपणा असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी नस सावरण्याची चांगली शक्यता असते. फार जुना असेल तर गोळ्यांचा उपयोग थोडा आणि त्रासच जास्त. म्हणून या आजारात जुना कागद हा तपासणीचाच भाग असतो.

2010 साली आमच्या भागातल्या एका धर्मादाय कुष्ठरोग दवाखान्याच्या हस्तलिखित कार्डांवरून संगणकात नोंदवही तयार करायचे काम निघाले आणि त्यात मीही होतो. दोन लोखंडी कपाटे भरून कार्डे होती. काही पिवळी पडलेली, काहींचे कोपरे वाळवीने खाल्लेले. ती उतरवताना आमच्या हातून एक चूक झाली आणि ती एका पेशंटमुळे उघडकीस आली. ती गोष्ट सांगण्याआधी ही कार्डे मुळात आली कुठून, ते थोडक्यात पाहू.

नोंदवही आधी, जंतू नंतर

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतल्या बर्गेन शहरात डॉ. हॅन्सन यांनी 1873 साली शोधला. त्याच्या सतरा वर्षे आधी, 1856 साली, नॉर्वे सरकारने देशभरातल्या कुष्ठरुग्णांची नोंदवही सुरू केली होती. एका आजाराची देशव्यापी रुग्णनोंदवही अशी ही जगातली पहिली. कारण माहीत नाही, औषध नाही, अशा काळात ठिकठिकाणचे डॉक्टर हाताने नावे लिहीत होते. त्या वहीत आठ हजारांहून अधिक रुग्ण आहेत. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्गेनच्या संशोधकांनी त्या नोंदी संगणकावर घेतल्या आणि नॉर्वेतून हा आजार कसा ओसरत गेला, याचा अभ्यास केला. लिहिणाऱ्यांनी कल्पनाही केली नसेल अशा प्रश्नांची उत्तरे त्या वहीतून निघाली.

आपल्याकडे या कामाचा पाया वर्ध्याला घातला गेला. 1951 साली तिथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे काम सुरू झाले. डॉ. वर्देकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या तीन गोष्टी एकत्र बांधल्या. तोवर रुग्णाला वस्तीतून उचलून आश्रमात किंवा इस्पितळात ठेवायचे, अशी रीत होती. वर्देकरांच्या पद्धतीत कार्यकर्ता सायकलवरून गावात जायचा, घराघरांत माणसे तपासायचा आणि रुग्णाला त्याच्याच घरी ठेवून डॅप्सोनच्या गोळ्या द्यायचा. रुग्ण घरी आणि कार्यकर्ता फिरता, म्हटल्यावर दोघांना जोडणारे काहीतरी हवे. ते म्हणजे कार्ड.

डॅप्सोन वर्षानुवर्षे घ्यावे लागे, आणि हळूहळू जंतू त्याला दाद देईनासे झाले. म्हणून 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने दोन-तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. हीच ती एमडीटी, म्हणजे बहुविध औषधोपचार. महाराष्ट्रात ती सुरुवातीला ज्या मोजक्या ठिकाणी आली त्यांत वर्धा जिल्हा होता. तिच्याबरोबर कार्डावर एक नवी ओळ आली : महिन्याला एक चौकट. रिफाम्पिसीनचा महिन्याचा डोस कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर गिळायचा आणि त्याने त्या चौकटीत खूण करायची. या मासिक डोसला आम्ही 'पल्स' म्हणतो.

कार्डावर काय असते?

आमच्या कपाटातल्या बहुतेक कार्डांवर तीन भाग होते. पहिला भाग म्हणजे माणसाच्या शरीराची दोन रेखाचित्रे, एक समोरून आणि एक पाठीमागून. त्यांवर चट्टे काढायचे. दुसरा भाग नसांचा. 'करंगळी बाहेर ने, मी दाबतो, तू दाबू देऊ नको,' असे सांगून कोपराजवळच्या नसेची ताकद पाहायची. अंगठा, मनगट, पाऊल आणि डोळ्याची पापणी यांचीही अशीच परीक्षा. निकालासाठी तीनच अक्षरे : जोर पुरेसा असेल तर 'एस', कमजोर असेल तर 'डब्ल्यू', लुळे पडले असेल तर 'पी'. त्यानंतर पेशंटला डोळे मिटायला सांगून तळहाताला आणि तळपायाला बॉलपेन हलकेच टेकवायचे आणि कुठे टेकवले ते त्याने बोटाने दाखवायचे. तिसरा भाग पल्सच्या चौकटींचा.

हे सगळे संगणकात उतरवायला आम्ही चौघे होतो : मी, नोंदी टंकणाऱ्या दोन मुली आणि निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ. त्यांना सगळे काका म्हणत. काकांनी त्यातली शेकडो कार्डे तरुणपणी स्वतः भरली होती.

अडतीस पल्सचा पेशंट

पहिला धडा पल्सच्या चौकटींनी दिला. 1990 सालच्या एका कार्डावर मुलींनी खुणा मोजल्या, त्या अडतीस भरल्या. त्या काळी सांसर्गिक प्रकारच्या रुग्णाला किमान चोवीस पल्स घ्यायच्या होत्या. मग या माणसाला चौदा जास्त का दिल्या?

काकांनी कार्ड हातात घेतले आणि म्हणाले, "डॉक्टर, पहिल्या चौदा खुणांच्या तारखा पाहा." तारखा होत्या 12 मार्च ते 25 मार्च, रोज एक. त्या काळात आपल्याकडे सांसर्गिक रुग्णाला सुरुवातीचे चौदा दिवस रोज समोर बसवून औषध देत आणि मग मासिक पल्स सुरू होत. त्या चौदा खुणा पल्सच्या नव्हत्याच. उरलेल्या खुणा एप्रिल 1990 पासून जून 1992 पर्यंतच्या होत्या. हे होतात सत्तावीस महिने, त्यांतले तीन रिकामे, म्हणजे बरोबर चोवीस पल्स. छत्तीस महिन्यांच्या मुदतीतही बसले. माणसाचा उपचार चोख पूर्ण झाला होता.

त्यानंतर उलटी गंमत झाली. 2000 नंतरची बरीच कार्डे संगणक 'अपूर्ण' म्हणून दाखवू लागला, कारण त्यांवर बाराच पल्स होत्या. 1997 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने सांसर्गिक प्रकाराला बारा पल्स पुरेत असे सांगितले आणि पुढे आपल्याकडेही अठरा महिन्यांच्या आत बारा, हा नियम आला. असांसर्गिक प्रकाराला नऊ महिन्यांच्या आत सहा. आम्ही मात्र सगळ्या कार्डांना चोवीसची एकच पट्टी लावली होती. नियम बदलला की 'पूर्ण' या शब्दाचा अर्थही बदलतो, हे आम्ही विसरलो होतो.

म्हणून आम्ही ठरवले की वहीत नुसते 'उपचार पूर्ण' असे लिहायचे नाही. पहिल्या पल्सची तारीख, शेवटच्या पल्सची तारीख, मधल्या पल्सची संख्या आणि कार्डावर 'आरएफटी', म्हणजे उपचारातून मुक्त, असा शेरा आहे की नाही, हे वेगवेगळे लिहायचे. काही कार्डांवर नऊच पल्स होत्या आणि तरी आरएफटीचा शिक्का होता. कदाचित तो माणूस कामाला परगावी गेला असेल आणि उरलेल्या पल्स तिकडे घेतल्या असतील. कदाचित शिक्का घाईने मारला असेल. कार्डावरून यातले काही ठरवता येत नव्हते. अशा वेळी नऊ आणि शिक्का, दोन्ही जसेच्या तसे लिहायचे आणि निष्कर्ष काढायचा नाही.

सप्टेंबरमधला पेशंट

आता मुख्य गोष्ट. काम सुरू होऊन काही महिने झाले होते. सप्टेंबर 2010 मध्ये चाळिशीचा एक शेतमजूर दवाखान्यात आला. पाठीवर डाव्या खांद्याच्या फऱ्यावर लालभडक, फुगलेला चट्टा. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड आणि हात लावला की कळ जाणारी. डाव्या करंगळीचा जोर कमी झालेला. "निंदणीच्या वेळी विळा हातात राहत नाही, दोन महिने झाले," तो म्हणाला.

आमची नवीन वही पहिल्यांदाच कामाला येणार म्हणून आम्ही उत्साहाने संगणक उघडला. वहीत होते : नऊ चट्टे, सांसर्गिक प्रकार, पहिली पल्स ऑक्टोबर 2008, शेवटची ऑक्टोबर 2009, एक महिना चुकलेला, एकूण बारा, आरएफटी. सर्वांत मोठा चट्टा पाठीवर *उजव्या* फऱ्यावर. डाव्या करंगळीचा जोर ऑक्टोबर 2009 मध्ये 'एस', म्हणजे पुरेसा.

याचा अर्थ काय निघतो पाहा. जुना चट्टा उजवीकडे होता, म्हणजे डावीकडचा हा लाल चट्टा नवा. उपचार संपल्यावर नवा चट्टा आला की डॉक्टरच्या मनात पहिली शंका येते आजार उलटल्याची. तसे असेल तर एमडीटी पुन्हा सुरू करायची. उलट, जुनाच चट्टा लाल होऊन फुगला असेल तर तो बहुधा 'रिअॅक्शन'चा प्रकार असतो. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते, त्यातून ही सूज येते. उपचार चालू असताना किंवा संपल्यावर पहिल्या काही वर्षांत हे होऊ शकते. तेव्हा एमडीटीने काही साधत नाही, स्टेरॉइड लागते आणि तेही लवकर, नाहीतर नस कायमची जाते.

काका पेशंटच्या पाठीमागे उभे होते. ते म्हणाले, "मी याला ओळखतो. याचा चट्टा इकडेच होता." आम्ही मूळ कार्ड काढले.

डावे-उजवे कुठे फिरले?

रेखाचित्रात जो माणूस समोरून काढलेला असतो, तो आपल्याकडे तोंड करून उभा असतो. म्हणून कागदाची डावी बाजू ही त्याची उजवी बाजू. मुलींना आम्ही पहिल्याच दिवशी हे बजावले होते आणि त्या ते इमानाने पाळत होत्या. पाठीमागून काढलेल्या चित्राबद्दल मात्र आम्ही काही बोललोच नव्हतो. तिथे माणूस आपल्याकडे पाठ करून उभा असतो, त्यामुळे कागदाची डावी तीच त्याची डावी. मुलींनी समोरचा नियम पाठीलाही लावला. वहीतला पाठीवरचा प्रत्येक चट्टा बाजू बदलून बसला होता. चूक सांगणाऱ्याची होती, म्हणजे माझी.

कार्डावर चट्टा डाव्या फऱ्यावर होता, आठ सेंटिमीटर बाय पाच असा आकारही लिहिलेला होता. आता सुजलेला चट्टा त्याच जागी होता. नवा चट्टा दुसरीकडे कुठेच नव्हता. कानाच्या पाळीतून आणि चट्ट्यातून घेतलेल्या नमुन्यातही जंतू सापडले नाहीत. सगळ्या खुणा रिअॅक्शनकडे बोट दाखवत होत्या. रिअॅक्शनमध्येही कधी कधी नवे चट्टे उठतात, त्यामुळे फक्त जागेवरून निदान करायचे नसते. पण आम्हाला चुकीच्या दिशेने ढकलायला एक उलटी बाजू पुरेशी होती.

तो 'एस' कुणी लिहिला?

कार्ड हातात होते म्हणून मी नसांचा तक्ताही पाहिला आणि तिथे दुसरा धक्का बसला. मार्च 2009 च्या ओळीत डाव्या करंगळीसमोर 'एस' होते. ऑक्टोबर 2009 च्या, म्हणजे आरएफटीच्या ओळीत चौकट कोरी होती. कुणी तपासलेच नव्हते. मग वहीत 'एस' कुठून आले?

संगणकातल्या आमच्या तक्त्यात प्रत्येक चौकट भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते आणि आधीच निवडलेले उत्तर होते 'एस'. बहुतेकांचा जोर चांगलाच असतो, तेवढेच टंकणे वाचेल, असा साधा विचार त्यामागे होता. त्यामुळे जिथे कार्ड गप्प होते तिथे आमची वही 'ठीक आहे' म्हणत होती.

या पेशंटपुरते त्याचे मोल किती? वहीप्रमाणे करंगळी अकरा महिन्यांपूर्वी ठणठणीत होती. कार्डाप्रमाणे ती ठीक असल्याचा शेवटचा पुरावा अठरा महिन्यांपूर्वीचा होता. मधल्या काळात काय झाले ते कागदावर नव्हते. कुष्ठरोगात नस कधी कधी काही न दुखता, न सुजता हळूच अधू होत जाते. त्यासाठीच महिन्या-दोन महिन्यांनी तपासून लिहायचे असते, म्हणजे 'एस'चे 'डब्ल्यू' झाल्याचे पेशंटच्या आधी आपल्याला कळते. कोऱ्या चौकटीत 'एस' टाकले की हा इशाराच पुसला जातो.

आम्ही पेशंटच्या सांगण्यावर भर दिला. विळा सुटायला लागून दोन महिने झाले होते, नस ताजी दुखरी होती, चट्टा लाल होता. रक्तातली साखर आणि क्षयरोगाची लक्षणे तपासून प्रेडनिसोलोन रोज 40 मिलिग्रॅमने सुरू केले आणि दर दोन आठवड्यांनी कमी करत बारा आठवड्यांत थांबवले. कोपराला आराम, हाताला पट्टी. प्रत्येक भेटीत ताकद आणि बधिरपणा तपासून त्याच दिवशी कार्डावर लिहिला. चौथ्या आठवड्यापर्यंत चट्टा उतरला आणि नसेची कळ गेली. बाराव्या आठवड्यात विळा हातात राहू लागला. करंगळीच्या टोकाशी थोडा बधिरपणा मात्र राहिला. तो आधीपासूनचा होता का, याचे उत्तर त्या कोऱ्या चौकटीत अडकले आहे.

पुन्हा पहिल्यापासून

त्यानंतर आम्ही तोवर उतरवलेली सगळी कार्डे पुन्हा काढली. आधीच निवडलेले उत्तर काढून टाकले. प्रत्येक चौकटीला पाच पर्याय ठेवले : एस, डब्ल्यू, पी, 'तपासले नाही' आणि 'वाचता येत नाही'. शेवटचे दोन वेगळे ठेवायचे, कारण वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्याखाली काहीतरी लिहिलेले होते, कोऱ्या चौकटीत नव्हते. चट्ट्यांसाठी संगणकातही तशीच दोन चित्रे घेतली आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना 'पेशंटचा डावा' आणि 'पेशंटचा उजवा' असे छापले. प्रत्येक कार्ड दोघींनी एकमेकींचे न पाहता उतरवायचे आणि जिथे फरक पडेल तिथे काकांनी मूळ कार्ड पाहायचे. काकांनाही जिथे खात्री नव्हती तिथे त्यांनी 'वाचता येत नाही' असेच लिहिले. स्वतःच्याच अक्षरापुढे असे लिहिताना ते हसले होते.

पेशंटची नावे आणि गावे वेगळ्या वहीत ठेवली, तपासणीच्या नोंदींना फक्त क्रमांक दिला. या आजाराचे नाव अजूनही काही घरांतली सोयरीक मोडू शकते, म्हणून. आणि मूळ कार्डे टाकली नाहीत. कपाट बदलले, डांबरगोळ्या घातल्या. त्या सप्टेंबरला कार्ड रद्दीत गेले असते तर आमची चूक आम्हाला कधीच कळली नसती.

तुमच्यासाठी

तुमच्या घरात कुणी एमडीटी पूर्ण केली असेल आणि उपचाराचे कार्ड किंवा पुस्तिका असेल, तर ती जपा आणि मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. उपचार संपतो त्या दिवशी डॉक्टरांना हात, पाय आणि डोळे तपासून कार्डावर लिहायला सांगा. पुढच्या काही वर्षांत जुना चट्टा लाल झाला, नस दुखू लागली, बटण लावता येईना किंवा चप्पल पायातून निसटल्याचे कळेना, तर महिनाभर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात कार्ड घेऊन या. ही लक्षणे म्हणजे औषध फुकट गेले असे समजू नका. आणि हा त्रास कधी सुरू झाला ते आठवून एका कागदावर तारखेसह लिहून आणा. आमच्या कार्डावरची चौकट कोरी असेल, तर तुमचा तो कागद मला उपयोगी पडेल.